मार्चअखेर, रजाबंदी आणि दोन दिवस

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या अकाउंट्स विभागात एक मेल फिरतो. 20 मार्च ते 10 एप्रिल कुणालाही रजा मिळणार नाही, अपवादासाठी विभागप्रमुखांची परवानगी लागेल, एवढाच त्यातला मजकूर. मोठ्या कंपन्यांत याला ‘ब्लॅकआउट’ किंवा ‘लीव्ह फ्रीज’ म्हणतात. आम्ही आपलं ‘रजा बंद’ म्हणतो. हा मेल गेली बरीच वर्षं मीच पाठवते आहे, आणि तो गेल्यावर पंधरा दिवसांत माझ्या टेबलावर रजेचे चार-पाच अर्ज हटकून येतात. त्यांतले निम्मे मी नाकारते. नाकारलेल्यांतली काही कारणं मंजूर केलेल्यांपेक्षा जास्त कळकळीची असतात, हे मला ठाऊक आहे. तरी नाकारावे लागतात, कारण अर्जात कळकळ असते आणि मला लागणारी माहिती नसते.

ती माहिती कोणती, हे 2024 सालच्या एका अर्जावरून सांगते.

त्या वर्षी होळी 24 मार्चला होती, रविवारी. सोमवारी धुळवडीची सुट्टी. आमच्याकडे क्रेडिटर्स, म्हणजे पुरवठादारांची देणी बघणारा सहकारी चिपळूण तालुक्यातला. कोकणातला शिमगा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको की तिथे होळी पेटली म्हणजे सण संपत नाही. ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते आणि वाडीवाडीतून घरोघर फिरते. कुठल्या घरी कधी जायचं ते गावकर-मानकरी बसून ठरवतात, आणि त्या दिवशी घरात माणूस हवं. त्याचे वडील आदल्या वर्षी गेलेले. घरचा यजमान म्हणून पालखीची पूजा आता त्याने करायची होती.

11 मार्चला त्याचा अर्ज आला: ‘घरगुती धार्मिक कार्यासाठी 23 ते 28 मार्च रजा मंजूर करावी, ही विनंती.’ मी नाकारला. त्याचा चेहरा उतरला. तो जागेवर जाऊन बसला तेव्हा मी उठून त्याच्याकडे गेले आणि विचारलं, “पालखी तुझ्या दारात नक्की कधी येते?”

“मंगळवारी रात्री, मॅडम. सव्वीसला.”

“मग अठ्ठावीसपर्यंत कशाला?”

“मंजूर करताना दोन दिवस कापतीलच, म्हणून जास्त लिहिले.”

हा सगळ्यात जुना घोटाळा आहे. बाजारात भाव सांगावा तसे रजेचे दिवस फुगवून सांगायचे आणि मग खाली यायचं. एरवी चालून जातं. रजाबंदीत हे अंगाशी येतं, कारण वाढवलेले दिवस नेमके सर्वांत अवघड दिवसांवर जाऊन पडतात. त्याचे 28 तारखेपर्यंतचे सहा दिवस मी कॅलेंडरवर ठेवले तेव्हा मला फक्त एकच गोष्ट दिसली, की शेवटचं मोठं पेमेंट करायला माणूस नाही.

ते पेमेंट त्या वर्षी का एवढं जड होतं, हे थोडं सांगावं लागेल. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात एक नवी तरतूद लागू झाली होती. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली असेल, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटली आणि 31 मार्चलाही ते पैसे थकलेलेच राहिले, तर तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरला जातो. म्हणजे खर्च खरा, बिल खरं, आणि तरी त्या वर्षापुरता कर भरायचा. त्यामुळे मुदत उलटलेलं प्रत्येक लघु उद्योजकाचं बिल मार्च संपायच्या आत चुकतं करायचं होतं. पहिलंच वर्ष, म्हणून कोण सूक्ष्म, कोण लघु, कोण मध्यम आणि कोण नुसता व्यापारी, याची उद्यम प्रमाणपत्रं गोळा करण्यातच फेब्रुवारी गेला होता. मध्यम उद्योग आणि व्यापारी या तरतुदीत येत नाहीत. ही सगळी यादी या मुलाच्या डोक्यात होती. शिवाय 29 तारखेला गुड फ्रायडे, बँका बंद. 31 मार्च रविवार. उरलेले कामाचे दिवस बोटांवर मोजण्याइतके.

आता गंमत बघा. याच परिस्थितीत मी दुसऱ्या दिवशी त्याला रजा दिली.

मधल्या एका संध्याकाळी त्याने स्वतःचं कॅलेंडर काढलं. रजाबंदी तीन आठवड्यांची असते, पण त्या तीन आठवड्यांत प्रत्येकाच्या कामाचा भार सारखा नसतो. नियम सगळ्यांसाठी एकच लावला जातो, कारण दर माणसाचा वेगळा नियम करायला कुणाला वेळ नाही. जीएसटी बघणाऱ्याचा खरा घाम एप्रिलच्या 11 आणि 20 तारखेआधी निघतो, कारण विवरणपत्रांच्या नेहमीच्या मुदती त्या आहेत. टीडीएसवाल्याला मार्चची कपात भरायला 30 एप्रिलपर्यंत सवड असते. मालाची मोजणी 31 मार्चला, त्या दिवशी स्टोअर्सच्या माणसाला हलता येत नाही. वर्षाचे खर्च योग्य वर्षात बसवण्याच्या नोंदी, ज्यांना आम्ही प्रोव्हिजन म्हणतो, त्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. क्रेडिटर्सवाल्याचा कडेलोट मात्र मार्चच्या शेवटच्या चार दिवसांत. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला या बंदीत काही दिवस खरोखरच अशक्य असतात आणि काही दिवस नुसतेच अवघड असतात. अपवाद मागायचा तो अवघड दिवसांसाठी. अशक्य दिवसांसाठी मागितलात तर कारण कितीही मोठं असो, समोरच्याला हो म्हणायला जागाच उरत नाही.

12 मार्चला आलेला दुसरा अर्ज मी जपून ठेवलाय. नंतर आलेल्या दोन नव्या मुलांना तो दाखवलाही. थोडा आवरून इथे देते:

‘मॅडम, रजाबंदीची कल्पना आहे, तरी मंगळवार 26 आणि बुधवार 27 मार्च या दोन दिवसांच्या रजेसाठी अपवाद करावा ही विनंती. आमच्या घरी पालखी 26 ला रात्री येणार आहे. तारीख गावकीने ठरवली असून मला ती बदलता येत नाही. वडिलांनंतर पूजेला घरात मीच आहे. 28 ला सकाळी नऊला मी जागेवर असेन.

मुदत उलटलेल्या लघु पुरवठादारांची पहिली मोठी बॅच शुक्रवार 22 ला आणि उरलेली गुरुवार 28 ला पाठवता येईल. यादी सोबत जोडली आहे. 26-27 ला येणारी बिलं माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी घेतील. त्यांच्याशी बोललो आहे आणि त्यांनी गेल्या दिवाळीत आठवडाभर हे काम केलं आहे. बँकेच्या पोर्टलवर पेमेंट टाकण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. तो मिळण्यासाठीचा फॉर्म आज सहीला ठेवतो. दोन्ही दिवशी संध्याकाळी सहा ते सात फोनवर असेन. 31 तारखेच्या मालमोजणीला मी येईन.’

यात विनवणीचं एकच वाक्य आहे. बाकी सगळा हिशोब. वाचून मला विचारायला एकही प्रश्न उरला नाही. तारीख कुणाच्या हातात आहे हे त्यात आहे. माणूस परत कधी येणार हे आहे. त्या दोन दिवसांत कोणतं काम येतं, ते आधी किंवा नंतर ढकलता येतं का, आणि जे ढकलता येत नाही ते कोण करणार, हेही आहे.

त्यातलं बँकेच्या अधिकाराचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटलं. ‘माझं काम अमुक बघेल’ असं सगळेच लिहितात. पण कंपनीच्या खात्यातून पैसे पाठवताना एकजण पेमेंट टाकतो आणि दुसरा ते तपासून पुढे सोडतो. दोघांचे बँकेकडे वेगवेगळे लॉगिन असतात. नवा माणूस जोडायचा तर फॉर्म, अधिकृत सह्या, बँकेकडून मान्यता, मग त्याच्या मोबाइलवर नोंदणी. आमच्याकडे याला आठवडा गेला. फॉर्म 13 ला गेला, लॉगिन 20 ला चालू झालं. हेच 25 तारखेला लक्षात आलं असतं, तर बदली माणूस खुर्चीवर बसून राहिला असता आणि त्याच्या हातून एक रुपयाही बाहेर गेला नसता. तुमच्या कामासाठी कोणता पासवर्ड, कोणती सही, कपाटाची कोणती किल्ली लागते, हे तुम्हाला सवयीने जाणवत नाही. म्हणून अर्जाआधी एक दिवस स्वतःवर नजर ठेवावी आणि ज्या ज्या ठिकाणी फक्त तुमचंच नाव चालतं तिथे खूण करावी. बदली माणसाने ते काम पूर्वी एकदा तरी केलेलं असावं, हेही तितकंच महत्त्वाचं. मार्चमध्ये कुणाला शिकवायला वेळ नसतो.

फोनच्या तासाबद्दलही सांगते. बरेचजण लिहितात, ‘लॅपटॉप सोबत नेतो, तिथून काम करीन.’ मी ते मोजतच नाही. गावात नेटवर्क मिळेल की नाही याचा भरवसा नसतो, आणि दारात पालखी उभी असताना कुणी वहीखाते उघडावं अशी माझी इच्छाही नाही. रजा द्यायची तर ती रजा असावी. त्यापेक्षा ठरलेला एक तास बरा. ऑफिसमधल्याला माहीत असतं की सहाला विचारायचं, आणि रजेवरच्याला माहीत असतं की सातनंतर फोन वाजणार नाही.

आता दुसरी बाजू, जी अर्जदाराला सहसा दिसत नाही. अपवाद एकाला दिला की उरलेले बघत असतात. त्याच वर्षी आणखी एका सहकाऱ्याला मी नाही म्हटलं होतं. त्याला 30 मार्च ते 3 एप्रिल फिरायला जायचं होतं आणि तिकिटं आधीच काढून झाली होती. त्याला मी काय सांगणार? “त्याचं कारण देवाचं आणि तुझं मजेचं,” असं मी कधीही म्हणणार नाही. कुणाच्या सुट्टीची किंमत ठरवणं हे माझं काम नाही, आणि एकदा ते करायला लागलं की माणसं कारणं रंगवायला लागतात. मी त्याला एवढंच सांगितलं, की त्याच्या तारखा त्याला हलवता येत होत्या, आणि त्याच्या कामाचे अशक्य दिवस नेमके तेच होते. वरिष्ठाला चारचौघांत उच्चारता येईल असं कारण तुमच्या अर्जात असलं की तुमचा अपवाद टिकतो. कारण खासगी असेल, म्हणजे आजारपण किंवा घरातली एखादी नाजूक गोष्ट, तर ते दार लावून वरिष्ठांना किंवा एचआरला सांगावं. बाकीच्यांना फक्त ‘कौटुंबिक अडचण, काम अमुक बघणार’ एवढं कळलं तरी पुरतं. पण कुणालाच न सांगता ‘वैयक्तिक काम’ लिहून थांबू नये. एका वर्षी एका सहकारी बाईंनी तसं लिहिलं, मी नाकारलं, आणि त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं हे मला एप्रिलमध्ये कळलं. तेव्हा विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही. म्हणूनच या मुलाच्या टेबलाशी उठून गेले.

तिकिटं आधी आणि अर्ज मागून, हा क्रम मात्र कुणीच ठेवू नये. वरिष्ठाला वाटतं आपल्याला कोंडीत धरलंय. लग्नाची तारीख ठरली की त्याच आठवड्यात सांगावं, मग रजाबंदीचा मेल यायचा असला तरी हरकत नाही.

कायद्याचं बोलायचं तर बहुतेकांचे दोन्हीकडचे गैरसमज असतात. महाराष्ट्रातल्या ऑफिसांना लागू असलेल्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आणि वर्षात 240 दिवस काम केलेल्यांना दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते. ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. रजा मिळणं हा हक्क आहे, पण ती हव्या त्याच तारखेला मिळणं हा हक्क नाही; तारखेला मालकाची मंजुरी लागते. उलट बाजूला, किमान पंधरा दिवस आधी मागितलेली हक्काची रजा नाकारली गेली, तर 45 च्या वर गेलेल्या दिवसांचे पैसे मागण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला आहे. ज्यांच्या रजा काठोकाठ भरल्यात आणि वर्षअखेरीला बुडतील अशी भीती आहे, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. म्हणून अर्ज तोंडी करू नये आणि नकारही तोंडी घेऊ नये. दोन ओळींचा मेल पुरे. त्यावर तारीख असते. पालखीचा पहिला अर्ज मागितलेल्या रजेच्या बाराच दिवस आधीचा होता, हे मी त्याला नंतर दाखवून दिलं; त्याला ते माहीतही नव्हतं.

आणि काही गोष्टींना रजाबंदी लागूच होत नाही. बाळंतपणाची रजा कायद्याने आहे, ती कुठलाही मार्च थांबवू शकत नाही. अचानक आलेलं आजारपण, घरातला मृत्यू, यात अपवाद मागायचा नसतो, कळवायचं असतं. मात्र नकार मिळाल्यावर त्याच तारखांना आजारी पडणं, हे मी दोनदा पाहिलंय. एकदा फोटो दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवर दिसला. नोकरी गेली नाही, पण त्या माणसाचा पुढचा प्रत्येक खरा ताप आम्ही संशयाने पाहिला, आणि ते त्याच्यासाठीही वाईट झालं आणि आमच्यासाठीही. नकार आलाच तर विचारावं, की पूर्ण नकार आहे की काही दिवसांना? एक दिवस मिळेल? दुपारनंतर निघता येईल? पुष्कळदा ‘नाही’ हे पाच दिवसांना असतं आणि दीड दिवसाला ‘हो’ पडून असतं.

ज्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं त्यांचंही असंच. पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या काही टीमना डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे रजा मिळत नाही. पण तिथे बऱ्याच ठिकाणी नवीन बदल सिस्टीमवर चढवणंही तेव्हा बंद असतं. म्हणजे बदल करणाऱ्याला काम कमी आणि सिस्टीमवर पाळत ठेवणाऱ्याला जास्त, आणि बंदी मात्र दोघांना सारखी. यातला पहिला अपवाद सहज मागू शकतो, दुसऱ्याने पाळीची अदलाबदल ठरवून मगच मागावा.

तर 22 तारखेला पहिली बॅच गेली. शनिवारी दुपारी तो निघाला. मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी सकाळी बँकेकडून तीन पेमेंटं परत आली. शुक्रवारी पाठवलेली, खाते क्रमांक जुळत नाही म्हणून. त्यातला एक पुरवठादार लघु, त्याची मुदत केव्हाच उलटलेली. बदली बसलेला सहकारी घाबरून माझ्याकडे आला. मी म्हटलं, सहा वाजेपर्यंत थांब, आणि तोवर चार्ज देताना त्याने लिहून ठेवलेला कागद वाच. कागदावर होतं: ‘ज्यांची बँक बदलली त्यांचे रद्द केलेले चेक निळ्या फाइलमध्ये, मागच्या कप्प्यात.’ दोघांचे चेक तिथे सापडले. तिसऱ्याचा सापडला नाही. बरोबर सहाला फोन लावला तेव्हा पलीकडून ढोल ऐकू येत होता, पालखी शेजारच्या वाडीत होती. तो ओरडून म्हणाला, “त्याचा मेलवर आहे, चार तारखेच्या, बिलासोबत!” सव्वासहाला तिन्ही पेमेंटं नव्याने टाकली गेली, आणि मी ती माझ्या लॉगिनमधून सोडली.

28 ला नऊला तो जागेवर होता. त्या दिवशी रात्री साडेदहापर्यंत आम्ही उरलेली बॅच पुरी केली. 31 ला, रविवारी, ऑडिटरच्या माणसाबरोबर तो स्टोअर्समध्ये रॅकमागून रॅक मोजत होता; हातात टॅगचे कागद, शर्टाच्या खिशाला अजून गुलालाचा डाग. चहाच्या वेळी त्याने डब्यातून नारळाच्या वड्या काढल्या, सगळ्यांना दिल्या, आणि मला म्हणाला, “मॅडम, पंचांग बघितलं. पुढच्या वर्षी होळी तेरा मार्चलाच आहे. तुमची बंदी लागायच्या आत पालखी येऊन जाईल.”